मण्यारीचे विष, घोणशीचे विष आणि प्रतिविषाची मुदत

मृग नक्षत्र लागून भीमाशंकराच्या पायथ्यापासून उल्हास नदीच्या काठापर्यंत पसरलेली कर्जत तालुक्याची भातखाचरे आणि प्रबळगड-इरशाळगडाच्या उतारावरून पाताळगंगेकडे येणारी खालापूर तालुक्याची रानवट पाण्याने भरू लागली, म्हणजे बिळांत व बांधांच्या दगडांत राहणारे साप कोरड्या जागेच्या आणि तेथेच आश्रयाला आलेल्या उंदरांच्या मागाने माणसांच्या घरापर्यंत येऊन पोचतात. कारवीच्या कुडाचे घर, भिंतीला टेकून रचलेला लाकूडफाटा, ओटीवर ठेवलेल्या भाताच्या कणग्या आणि जमिनीवर अंथरलेली गोधडी ही या दोन तालुक्यांतील असंख्य कुटुंबांची, विशेषतः ठाकूर व कातकरी वाड्यांची, नित्याची राहणी. आणि सापाची व माणसाची गाठ पडण्यास हीच परिस्थिती सर्वांत अनुकूल असते. दंश झाल्यानंतरच्या पहिल्या काही तासांत घरच्या माणसांनी काय करावे आणि काय कटाक्षाने टाळावे, हे ज्याला नीट उमजून घ्यावयाचे आहे, त्याने प्रथम एक गोष्ट ध्यानी घेतली पाहिजे. आपल्याकडील जीवघेण्या सापांची विषे एकाच जातीची नाहीत. त्यांतील काही ज्ञानतंतूंवर आघात करतात तर काही रक्ताच्या गोठण्यावर, आणि या दोन्ही प्रकारांत माणूस निरनिराळ्या वाटेने व निरनिराळ्या वेगाने मृत्यूकडे ओढला जातो.

नाग आणि मण्यार हे पहिल्या प्रकारातले, घोणस आणि फुरसे हे दुसऱ्या प्रकारातले. पुढे या दोन प्रकारांचे एकेक उदाहरण विस्ताराने दिले आहे. ती उदाहरणे कोणा विशिष्ट व्यक्तीची नव्हेत. अशा दंशांचा जो क्रम वैद्यकात पुनःपुन्हा नोंदला गेला आहे, त्यावरून ती रचली आहेत.

खांडसच्या बाजूच्या एखाद्या वाडीत श्रावणातल्या रात्री बारा-तेरा वर्षांचा एक मुलगा भावंडांच्या ओळीत जमिनीवर झोपला आहे, असे समजा. मण्यार रात्रीच हिंडते, आणि झोपेत कूस बदलताना हात तिच्यावर पडला तर ती चावते. परंतु तिचे दात इतके बारीक असतात, आणि तिच्या विषाने त्या जागी वेदना वा सूज इतकी क्वचित येते, की मुलगा पुष्कळदा जागाही होत नाही. दोनेक तासांनी तो उठतो तो पोटात असह्य कळ येऊन. एखादी उलटी होते, घसा धरल्यासारखा वाटतो. घरातील वडीलधारी माणसे रात्रीच्या जेवणाला दोष देतात, ओवा चावायला देतात, पोटाला शेक देतात, आणि या समजुतीत रात्र सरते. पहाटेच्या सुमारास मुलाच्या पापण्या जड होऊन खाली येऊ लागतात. आई त्याला झोप समजते. पुढे एकाची दोन माणसे दिसू लागतात, आवाज नाकातून येतो, थुंकी गिळवत नाही, मान सावरत नाही, आणि अखेरीस छातीचे स्नायूच दमून श्वास उथळ होतो. या साऱ्या काळात अंगावर दंशाची खूण सापडेलच असे नाही. म्हणून पावसाळ्यात जमिनीवर झोपलेले माणूस रात्री एकाएकी पोटदुखीने उठले आणि पुढे त्याच्या पापण्या मिटू लागल्या, तर साप कोणी पाहिला नसला तरी मण्यारीचा दंश धरूनच चालावे, असा माझा आग्रह आहे.

हे असे का घडते? मेंदूकडून निघालेली आज्ञा ज्ञानतंतूच्या टोकाशी येते, तेथे एक रासायनिक द्रव्य सुटते, आणि ते पलीकडच्या स्नायूवरील आपल्या ठरलेल्या जागी जाऊन बसले म्हणजे स्नायू आकसतो. नागाच्या विषाचा मुख्य घटक स्नायूवरील ती जागाच अडवून धरतो. आज्ञा निघते, पण ती घेणारे दार बंद असते. मण्यारीचे विष याच्या अलीकडे, तंतूच्या टोकावरच काम करते आणि जेथून ते द्रव्य सुटावयाचे तो भागच उद्ध्वस्त करते. इलाजाच्या दृष्टीने हा भेद फार महत्त्वाचा आहे. नागाच्या विषाने अडलेली जागा प्रतिविषाने मोकळी होऊ शकते, आणि निओस्टिग्मीन नावाच्या औषधाने, ते अट्रोपीनच्या जोडीने दिले असता, रोग्याच्या पापण्या तासाभरात उघडल्याचे दिसते. मण्यारीच्या विषाने मोडलेले तंतूचे टोक मात्र प्रतिविषाने सांधले जात नाही. ते शरीराने पुन्हा उभारावे लागते, आणि त्यास कित्येक दिवस लागतात. तेवढे दिवस रोग्याचा श्वास यंत्राने चालू ठेवला तर तो पूर्ववत बरा होतो. प्रतिविषाचे काम अद्याप रक्तात फिरत असलेले विष तंतूपर्यंत पोचण्यापूर्वी बांधून टाकण्याचे आहे, आणि हे काम पहिल्या काही तासांत जितके होते तितके नंतर होत नाही. जी रात्र ओव्यात आणि शेकात गेली, त्या रात्रीचे मोल एवढे आहे.

आणखी एक गोष्ट घरच्यांनी जाणून ठेवावी. मण्यारीच्या दंशाने निपचित पडलेला, डोळे न उघडणारा, बाहुल्या विस्फारलेला रोगी आतून पूर्ण शुद्धीवर असू शकतो. त्याला ऐकू येते, वेदना कळते, फक्त बोट हलविण्याइतकीही शक्ती स्नायूंत उरलेली नसते. अशा रोग्याला पाहून आशा सोडणे हा अविचार होय. वाहनात त्याला पाठीवर न ठेवता कुशीवर निजवावे, म्हणजे न गिळलेली लाळ वा उलटी श्वासनलिकेत जात नाही. आणि श्वास थांबू लागला तर तोंडाला तोंड लावून श्वास देत राहावे, दवाखान्याचे दार येईपर्यंत.

आता दुसरे उदाहरण. दिवाळीच्या आसपास भातकापणी चालू आहे आणि खालापूरकडील एखाद्या शिवारात अनवाणी कापणी करणाऱ्या शेतकऱ्याच्या पायाला घोणस चावते. येथे संशयाला जागाच नाही. आग झाल्यासारखी वेदना तत्काळ होते, तासाभरात पाऊल सुजून सूज पोटरीकडे चढू लागते, आणि दंशाच्या जागेतून रक्त पाझरत राहते, ते थांबत नाही. काही तासांनी चूळ भरताना हिरड्यांतून रक्त येते, लघवी तांबूस होते, एरवी विसरून गेलेल्या जुन्या खरचट्यातूनही रक्त येऊ लागते. आपल्या रक्तात गोठण्याची द्रव्ये नेहमी सुप्तावस्थेत असतात आणि जखम झाली म्हणजेच, त्या जागेपुरती, एकामागून एक जागी होतात. घोणशीचे विष ही साखळी सर्व रक्तवाहिन्यांत एकाच वेळी, निष्कारण चालू करून देते. फुरशाचे विषही निराळ्या कडीपासून तेच करते. परिणामी शरीराजवळचा गोठणद्रव्याचा साठा थोड्याच वेळात सर्वत्र खर्ची पडतो, आणि मागे उरते ते न गोठणारे रक्त. कोठार एका रात्रीत लुटले जावे आणि सकाळी दारात याचक उभा राहिल्यावर द्यावयास मूठभर दाणा उरू नये, तशी ही अवस्था. घोणशीच्या दंशात मूत्रपिंडेही वारंवार निकामी होतात, म्हणून त्या रोग्याच्या लघवीचे प्रमाण पुढील कित्येक दिवस मोजले जाते, आणि प्रसंगी रक्तशुद्धीकरणाच्या यंत्राची गरज पडते.

हे रक्त बिघडले आहे की नाही, ते पाहण्याची एक अत्यंत साधी परीक्षा आहे, आणि ती प्राथमिक आरोग्य केंद्रातही करता येते. रोग्याच्या शिरेतून दोन-तीन मिलिलिटर रक्त काढून ते नव्या, स्वच्छ, कोरड्या काचेच्या नळीत घालतात आणि नळी वीस मिनिटे मुळीच न हलविता उभी ठेवतात. वीस मिनिटांनी ती एकदाच तिरपी करावयाची. गोळा जमला असेल तर तो जागचा हलत नाही, आणि रक्त पाण्यासारखे वाहिले तर विषाने आपले काम केले असे ठरते. यात फसगत होते ती क्षुल्लक कारणाने. नळी प्लास्टिकची असली, किंवा साबणाने धुऊन पुन्हा वापरलेली असली, तर निरोगी माणसाचे रक्तही गोठत नाही. आणि मध्येच कोणी नळी उचलून पाहिली तरी निकाल भरवशाचा राहात नाही. आपल्या रोग्याच्या खाटेजवळ अशी नळी उभी दिसली तर नातलगांनी तिला हात लावू नये.

परीक्षेचा निकाल प्रतिकूल आला, किंवा पापण्या उतरण्यासारखे ज्ञानतंतूंचे लक्षण दिसले, की प्रतिविष सुरू करतात. दवाखान्यात याला एएसव्ही म्हणतात. पहिली मात्रा साधारणपणे आठ ते दहा कुप्यांची असते. कुपीतील कोरडी भुकटी पाण्यात विरघळवून सलाइनमधून अर्धा ते एक तासात शिरेवाटे दिली जाते. मुलाला आणि थोराला मात्रा सारखीच असते. सापाने सोडलेले विष माणसाचे वजन पाहून कमी-अधिक होत नाही, आणि प्रतिविषाला तोंड द्यावयाचे असते ते विषाला. घोणशीच्या रोग्याचे रक्त सहा तासांनी पुन्हा नळीत पाहतात. ही सहा तासांची मुदत मनमानी नव्हे. प्रतिविष विषाला थोपविते, परंतु लुटलेले कोठार ते भरून देत नाही. गोठणद्रव्ये यकृताने नव्याने तयार करावयाची असतात आणि त्यासाठी एवढा अवधी लागतो. या मधल्या काळात 'इंजेक्शन दिले तरी गुण नाही' असे म्हणून रोग्याला उचलून दुसरीकडे नेण्याची घाई कित्येक नातलग करतात. ती करू नये. सहा तासांनीही रक्त गोठले नाही, तर दुसरी मात्रा दिली जाते.

एकाच औषधाने चार सापांच्या विषांवर मात कशी करता येते, यामागे जो इतिहास आहे त्यातला एक महत्त्वाचा भाग आपल्या मुंबईत, परळला घडला. अल्बेर कालमेत या फ्रेंच शास्त्रज्ञाने १८९५च्या सुमारास नागाच्या विषाविरुद्ध रक्तद्रव तयार केला आणि तो सर्वच सापांच्या विषावर चालेल अशी त्याची धारणा होती. पुढे हाफकिन संस्था म्हणून प्रसिद्धीस आलेल्या परळच्या प्लेग संशोधन प्रयोगशाळेत विसाव्या शतकाच्या आरंभी काम करणाऱ्या जॉर्ज लँब या लष्करी वैद्याने प्रयोगांती दाखविले, की नागावरचा तो रक्तद्रव घोणशीच्या विषापुढे निष्प्रभ ठरतो. प्रत्येक विषाला त्याचेच प्रतिविष हवे, हे तत्त्व अशा रीतीने प्रस्थापित झाले. आज आपल्याला मिळणारे औषध नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे या चौघांचीही विषे घोड्यांना अत्यल्प मात्रेत, क्रमाक्रमाने वाढवीत टोचून, त्या घोड्यांच्या रक्तात निर्माण झालेली प्रतिद्रव्ये वेगळी काढून बनविलेले असते. म्हणूनच साप ओळखता आला नाही तरी उपचार अडत नाही. सापाला मारून पिशवीत घालून दवाखान्यात आणण्याच्या प्रयत्नात दुसऱ्या माणसाला दंश होण्याचीच भीती अधिक. लांबून छायाचित्र सहज घेता आले तर घ्यावे, नाही तर सरळ वाट धरावी.

या औषधालाही मर्यादा आहेत. माथेरानच्या परिसरातील झाडीत आढळणारा हिरवा चापडा चौघांत मोडत नाही, आणि त्याच्या दंशावर हे औषध बनविलेले नाही. सुदैवाने त्याने सूज व वेदना पुष्कळ झाली तरी जीव जाण्याचा प्रसंग विरळा. शिवाय घोड्याच्या रक्तातील प्रथिने माणसाच्या शरीरास परकी असल्यामुळे काही रोग्यांना औषध चालू असतानाच अंगावर गांधी उठतात, थंडी भरते, दम लागतो वा रक्तदाब उतरतो. त्यावर अॅड्रेनलीनचे इंजेक्शन हा खात्रीचा उपाय असून ते आधीच भरून जवळ ठेवण्याचा शिरस्ता आहे. यावरून हे औषध घरी किंवा गावातल्या कोणाकडून टोचून घेण्याचे नव्हे, हे उघड होते.

आता घरगुती उपायांविषयी. दंश झाला की वर दोरी करकचून आवळणे, ब्लेडने चिरा देणे, तोंडाने विष ओढणे, जखमेवर कोंबडीची पिले लावणे, विषदगड चिकटविणे, मिरची वा कडुनिंबाचा पाला चावायला देऊन चव लागते की नाही यावरून विष चढल्याचे ठरविणे आणि भगताकडून ते मंत्राने उतरविणे, हे सारे आजही होते. या उपायांवर लोकांचा विश्वास बसतो त्याला कारण आहे, आणि ते कारण समजावून घेतल्याशिवाय नुसता निषेध करण्यात अर्थ नाही. आपल्याकडे चावणारे बहुसंख्य साप बिनविषारी असतात. धामण, दिवड, कवड्या यांच्या दंशाने कोणी मरत नाही. त्यातही कवड्या घरातच वावरतो आणि अंगावरील पांढऱ्या पट्ट्यांमुळे तो मण्यारीसारखा दिसतो. भेद एवढाच, की कवड्याचे पट्टे मानेकडे स्पष्ट असून शेपटीकडे विरळ होतात, तर मण्यारीचे मानेकडे पुसट असून शेपटीकडे ठसठशीत होतात. भरीस भर म्हणजे विषारी सापही काही वेळा दात रोवून विष सोडीत नाही. अशा सर्व प्रसंगी मंत्र म्हटला काय आणि पाला चोळला काय, माणूस वाचतोच, आणि श्रेय उपायाला मिळते. ज्याच्या अंगात खरोखरी मण्यारीचे विष गेलेले असते तो मात्र त्याच भगताच्या ओटीवर पहाटे मान टाकतो, आणि तेव्हा 'वेळ भरली होती' असे म्हटले जाते.

पाला पोटात घेतला वा जखमेवर लावला तरी त्याचा अंश रक्तात फिरणाऱ्या विषाला गाठून बांधील अशी कोणतीही वनस्पती अद्याप सिद्ध झालेली नाही. चिरा देणे तर घोणशीच्या दंशात प्रत्यक्ष घात आहे, कारण ज्याचे रक्त गोठत नाही त्याच्या अंगावर आपण हाताने नवी जखम करीत असतो. करकचून बांधलेल्या दोरीने विष थांबत नाही; पुढच्या भागाचा रक्तपुरवठा मात्र तुटतो, आणि सुजलेला पाय काळा पडून कापावा लागण्याची पाळी येते. कोणी आधीच अशी दोरी बांधली असेल, तर ती वाटेत झटकन सोडू नये. अडलेले विष एकदम वर येते, म्हणून ती डॉक्टरांसमोर, औषधाची तयारी झाल्यावर सोडवावी.

भगताविषयी मला अनादर वाटत नाही. वाडीवर रात्री-अपरात्री हाकेला ओ देणारा तोच असतो, आणि भेदरलेल्या रोग्याला त्याच्या शब्दाने धीर येतो ही गोष्ट खरी आहे. त्याला गाडीत बरोबर घ्यावे, त्याने वाटभर रोग्याचा हात धरून मंत्र म्हणावा. गाडी मात्र थांबू नये. ज्या वाडीत भगतच 'आधी दवाखाना' म्हणू लागतो, त्या वाडीत व्याख्यानांपेक्षा अधिक काम होते.

घरच्यांनी प्रत्यक्षात करावयाचे ते थोडेच आहे. दंश झालेल्या हाताची अंगठी व बांगड्या किंवा पायातील जोडवी व पैंजण तत्काळ काढावीत, कारण सूज आली म्हणजे ती रुततात. तो अवयव काठी वा फळीला सैल फडक्याने बांधून हलणार नाही असा करावा. स्नायूंच्या हालचालीने विष वेगाने पसरते, म्हणून रोग्याला चालवू नये, डोलीतून वा झोळीतून रस्त्यापर्यंत न्यावे. १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका मागवावी, आणि ती येण्यास विलंब दिसला तर मिळेल त्या वाहनाने निघावे. निघतानाच जवळच्या प्राथमिक आरोग्य केंद्रास, कशेळ्याच्या ग्रामीण रुग्णालयास किंवा कर्जतच्या उपजिल्हा रुग्णालयास दूरध्वनी करून प्रतिविषाच्या कुप्या आणि डॉक्टर हजर आहेत की नाही याची खात्री करून घ्यावी. तो एक प्रश्न कधी कधी तासभराची पायपीट वाचवितो. श्वासाचे यंत्र नसलेल्या ठिकाणीही पहिली मात्रा घेऊनच पुढे पनवेल वा नवी मुंबईकडे जावे. मात्रा न घेता मोठ्या रुग्णालयाच्या आशेने केलेला प्रवास मण्यारीच्या रोग्याला महाग पडतो. याच जिल्ह्यात महाड येथे दीर्घकाळ वैद्यकी केलेले डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी नाग व मण्यार यांच्या दंशांवरील ग्रामीण परिस्थितीतील उपचारांचा शोधनिबंध २००४ साली प्रसिद्ध केला. साधनांची कमतरता असतानाही असे रोगी वाचविता येतात, याचा तो दाखला आहे.

वाटेत रोग्याच्या अवस्थेची नोंद ठेवावी, कारण डॉक्टरांना तिचा फार उपयोग होतो. डोके न हलविता नजर वर नेता येते का, उशीवरून मान उचलता येते का, एका श्वासात कोठपर्यंत अंक मोजता येतात, हे दर पंधरा मिनिटांनी पाहून वेळेसह लिहावे. आणि पायाला दंश असेल तर सूज जेथवर आली तेथे पेनाने रेघ ओढून बाजूला वेळ टिपावी. कोणतेही लक्षण नसले तरी रोग्याला निदान चोवीस तास दवाखान्यात ठेवावे, कारण मण्यारीचे विष कित्येक तास मौन धरून बसते.

घरी परतल्यावरही काही दिवस लक्ष ठेवणे अवश्य आहे. औषध दिल्यानंतर आठ-दहा दिवसांनी ताप, सांधेदुखी व अंगावर पुरळ अशी लक्षणे उमटली, तर तो विषाचा अवशेष नसून घोड्याच्या प्रथिनांविरुद्ध शरीराने उशिरा दिलेला प्रतिसाद असतो आणि साध्या गोळ्यांनी तो शमतो. घोणशीच्या रोग्याची लघवी कमी झाली वा चेहऱ्यावर सूज आली, तर मात्र त्याच दिवशी परत जावे. आणि एकदा दंश पचविला म्हणून पुढच्या दंशापासून संरक्षण मिळते असे नाही, तेव्हा त्या घरात पुढच्या पावसाळ्यापूर्वी लाकूडफाटा भिंतीपासून दूर हलवावा, निजण्यास खाट करावी, आणि खाट परवडत नसेल तर मच्छरदाणी लावून तिच्या कडा अंथरुणाखाली चारी बाजूंनी पक्क्या दाबाव्यात.